शाफ्ट, बेल्ट की चेन? लांब पल्ल्याच्या मोटरसायकलसाठी देखभाल, शक्तीचा ऱ्हास आणि दुरुस्ती

दूरवाट (धागाकर्ता)

नमस्कार. आजवर मी चेनवर चालणाऱ्या मोटरसायकलीच चालवल्या आहेत. आता लांब प्रवासासाठी मोठी गाडी घ्यायचे ठरवले आहे. मागे जोडीदार असेल, तीन पेट्यांत सामान असेल आणि रस्ता बहुतेक डांबरी, पण अधूनमधून खडीचाही लागेल. मनात असलेल्या गाड्यांपैकी एक चेनची, एक बेल्टची आणि एक शाफ्टची असल्यामुळे बाकी सगळे बाजूला ठेवून मला फक्त या एका भागाबद्दल विचारायचे आहे.

शाफ्टला देखभाल लागतच नाही, असे विकणारे सांगतात. शाफ्ट इंजिनाची पाचवा हिस्सा शक्ती खातो, असे चालवणारे काही मित्र सांगतात. मला दोन्ही विधाने जशीच्या तशी पटत नाहीत. ज्यांनी या गाड्या प्रत्यक्ष वापरल्या किंवा दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात: देखभाल खरोखर किती आणि कोणती, शक्ती किती वाया जाते, आणि वाटेत काही बिघडले तर आपल्या हातात काय उरते.

शार्दूल_९०

पाचवा हिस्सा हे थोडे जास्त वाटते, पण १५ टक्के नक्की जातात. जाहिरातीत १०० अश्वशक्ती लिहिलेली शाफ्टची गाडी डायनोवर चढवली की मागच्या चाकाशी ८५ च्या आसपास आकडा येतो. उरलेले १५ शाफ्टने खाल्ले, हा सरळ हिशेब आहे. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांना आजही चेनच असते.

यंत्रवेडी

शार्दूल, तुमचा डायनोचा आकडा बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष नाही. कारखाना जी शक्ती जाहीर करतो ती क्रँकशाफ्टवर मोजलेली असते, तर डायनो चाकाशी मोजतो. या दोहोंच्या मध्ये क्लच, गिअरबॉक्स, त्यातले तेल, सगळी बेअरिंगे आणि रोलरवर दबून गरम होणारा टायरही येतो. चेनची गाडी त्याच यंत्रावर चढवून पाहिली, तर तीही जाहीर आकड्यापेक्षा साधारण दहा-बारा टक्के कमीच दाखवते. तेव्हा शाफ्टच्या खात्यात फक्त या दोन गाड्यांमधला फरक टाकायला हवा, आणि तो तीन ते पाच टक्क्यांच्या घरात राहतो.

हा फरक कुठून येतो तेही सांगते. स्वच्छ, वंगण असलेली आणि सरळ रेषेत बसवलेली चेन ९७-९८ टक्के शक्ती पुढे पोहोचवते. दातांचा बेल्ट तिच्या जवळपासच असतो. शाफ्टमध्ये मात्र फिरण्याची दिशा काटकोनात वळवावी लागते, आणि ते काम करणारी क्राउन-पिनियनची प्रत्येक जोडी दोन-तीन टक्के घेते, कारण तिचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर दाबाखाली घसरतातही. म्हणून गाडी पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की इंजिन बसवले आहे कसे. बीएमडब्ल्यूचे बॉक्सर आणि मोटो गुझीचे व्ही-ट्विन यांचा क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीला समांतर असल्यामुळे तिथे वळण एकदाच, चाकापाशी येते. यामाहा एफजेआर १३०० किंवा सुपर टेनेरे यांची इंजिने आडवी असल्यामुळे एक वळण गिअरबॉक्सच्या तोंडाशी आणि दुसरे चाकापाशी, अशी दोन वळणे येतात. दोन्ही गाड्या ‘शाफ्ट’ या एकाच नावाखाली जातात, पण त्यांचा ऱ्हास सारखा नसतो.

आता दूरवाट यांच्या वापराचा हिशेब करू. सामान भरलेल्या मोठ्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरचा वेग टिकवायला चाकाशी साधारण १० अश्वशक्ती, म्हणजे साडेसात किलोवॉट लागतात. त्यावर चेनपेक्षा चार टक्के जास्त वाया गेले असे धरले, तर ते ३०० वॉट होतात. इंजिनाला तेवढे जास्त काम पडते आणि पेट्रोल त्याच प्रमाणात थोडे जास्त जाते. चालवणाऱ्याला हातात हा फरक जाणवणार नाही. शर्यतीत पूर्ण थ्रॉटलवर १५० अश्वशक्तीमागे चार टक्के म्हणजे सहा अश्वशक्ती होतात, आणि तिथे तेवढ्याने क्रमांक बदलतो. शिवाय शर्यतीत प्रत्येक वळणमार्गासाठी स्प्रॉकेट बदलून गिअरिंग बदलावे लागते. ती सोय शाफ्टमध्ये नाही, आणि माझ्या मते चेन टिकून राहण्याचे हे कारण शक्तीच्या ऱ्हासाइतकेच मोठे आहे.

मेघदूत

माझा अनुभव बेल्टच्या विरोधात आहे. माझ्या गाडीचा बेल्ट झिजून आत काळी पूड साचली होती, चढावर इंजिन ओरडायचे पण गाडी पुढे जायची नाही. बेल्ट बदलल्यावर सगळे ठीक झाले. जड सामानासाठी बेल्ट घेऊ नये.

रानफूल

मेघदूत, तुम्ही सांगता आहात तो बहुधा स्कूटरच्या आतला बेल्ट आहे. तो गुळगुळीत कडांचा पट्टा असतो आणि दोन शंकूसारख्या पुलींमध्ये वर-खाली सरकत गिअरबॉक्सचेच काम करतो. त्याची पकड घर्षणावर असते, म्हणून तो झिजला की घसरतो. या धाग्यातला बेल्ट गिअरबॉक्सच्या बाहेर, चेनच्या जागी असतो. त्याला दात असतात, आत कार्बन किंवा अॅरामिड तंतूंचे दोर असतात, आणि तो घसरत नाही. घसरला तर दात तुटले असे समजावे. जड गाडीचे म्हणाल, तर हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली स्टर्जिस या मॉडेलवर असा बेल्ट दिला आणि पुढे आपल्या बहुतेक सगळ्या गाड्या त्यावर आणल्या. त्या गाड्या हलक्या नाहीत.

मी बेल्टची गाडी बरीच वर्षे चालवते आहे. देखभाल म्हणजे डोळ्यांनी पाहणे आणि ताण मोजणे, एवढेच. ताण मोजायला खालच्या पट्ट्याच्या मध्यभागी साडेचार किलोचा जोर देऊन तो किती वर जातो हे पाहतात. जोर देणारा स्प्रिंगचा छोटा मापक मिळतो. गाडी थंड असावी, आणि मॅन्युअल सांगते त्याच स्थितीत उभी असावी, म्हणजे स्टँडवर की वजन ठेवून हे आधी वाचून घ्यावे, कारण दोन्ही स्थितींची मापे वेगळी असतात. चाक फिरवत चार-पाच जागी मोजावे आणि सर्वांत ताठ जागा धरावी. तेल नाही, स्प्रे नाही, मागच्या रिमवर काळे शिंतोडे नाहीत.

दूरवाट

यंत्रवेडी, हिशेब फार स्पष्ट झाला. धन्यवाद. रानफूल, तुमच्या बेल्टने खडी कशी सोसली हे कृपया सांगावे, कारण माझी खरी शंका तीच आहे.

रानफूल

खडीचे छोटे तुकडे मी पार केले आहेत, पण मन शांत ठेवून नाही. चेनच्या कड्यांना आरपार मोकळी जागा असते, त्यामुळे बारीक खडा आला तरी बहुतेक वेळा बाहेर पडतो. बेल्ट पुलीवर सलग चिकटून बसतो, त्यामुळे मध्ये सापडलेल्या खड्याला बेल्टमध्ये घुसण्यावाचून मार्ग नसतो. एकदा तपासताना माझ्या बेल्टच्या मध्यभागी, कडांपासून दूर, आरपार गेलेले एक छोटे छिद्र दिसले. अशा मधल्या छिद्रावर बेल्ट चालू शकतो, फक्त ते वाढते का यावर लक्ष ठेवावे लागते. तेच कडेला असते, किंवा बाहेर आलेले तंतू दिसले असते, तर बदलणे हाच उपाय होता. दातांच्या मुळाशी केसासारखी भेग दिसली तरीही वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट नवा बेल्ट हाताळताना पाळावी. तो चुरगळून, तीव्र घडी घालून किंवा पिळून ठेवायचा नसतो. आतले तंतू घडीच्या जागी तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि तो पुढे कधीतरी ऐन जोराच्या वेळी तिथेच तुटतो.

कड्याकपारी

खडीच्या प्रश्नावर बीएमडब्ल्यूची एफ ८०० मालिका पाहावी. २००६ च्या सुमारास आलेल्या एफ ८०० एस आणि एसटी या रस्त्यावरच्या गाड्यांना बेल्ट होता. त्याच इंजिनाच्या जातीवर बेतलेल्या एफ ८०० जीएस या कच्च्या रस्त्याच्या गाडीला मात्र चेन दिली गेली. माझ्या समजुतीप्रमाणे यात फक्त खडीचा भाग नाही. कच्च्या रस्त्याच्या गाडीचे मागचे चाक खूप वर-खाली होते, आणि त्या हालचालीत पुढच्या आणि मागच्या पुलींमधले अंतर बदलते. चेन हा बदल आपल्या ढिलाईत सामावून घेते, पण बेल्टला ताण कायम ठेवावा लागत असल्यामुळे त्याला तेवढी मोकळीक देता येत नाही.

सौदामिनी_क

चर्चा शक्ती आणि खडीवर चालली आहे, पण मी वेगळ्या कारणाने शाफ्टवर आले. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर गाडीमागे उकिडवे बसणे जवळजवळ अशक्य झाले. आधीच्या गाडीला सेंटर स्टँड नव्हता. चेनला वंगण द्यायचे म्हणजे एका हाताने डबा धरायचा, गाडी थोडी पुढे ढकलायची, पुन्हा वाकायचे, आणि हे दर काही शे किलोमीटरला करायचे. लांबच्या प्रवासात ते रोज संध्याकाळी आले. पावसात चालवल्यावर तर टाळताही येत नाही. काम अवघड नव्हते, पण माझ्या शरीराला ते जमत नव्हते. शाफ्टच्या गाडीचे तेल मी गॅरेजमध्ये बदलून घेते आणि मधल्या काळात मला खाली वाकावे लागत नाही. दूरवाट यांनी आपले शरीर आणि आपली गाडी ठेवायची जागा यांचाही विचार करावा.

सरळमार्गी

चेनच्या बाजूने कोणीतरी नीट बोलले पाहिजे. सील असलेल्या आधुनिक चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यातले ग्रीस कारखान्यातच भरून रबराच्या बारीक कड्यांनी बंद केलेले असते. आपण बाहेरून देतो ते वंगण त्या कड्या ओलसर ठेवण्यासाठी, रोलर आणि स्प्रॉकेटचे दात यांच्यासाठी, आणि गंज थांबवण्यासाठी असते. म्हणून भरपूर स्प्रे मारून चेनवर धूळ चिकटवून घेण्यात अर्थ नाही. प्रवास संपल्यावर चेन कोमट असताना खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पातळ थर द्यावा आणि रात्रभर तो मुरू द्यावा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतात. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने सील खराब होतात. आणि हे सगळे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत करावे. गाडी गिअरमध्ये टाकून इंजिनाने चाक फिरवत चेन पुसणाऱ्यांची बोटे गेली आहेत.

चेनचा मोठा गुण हा की ती आपली झीज आपल्याला मोजू देते. मोठ्या गाड्यांच्या ५२० किंवा ५२५ क्रमांकाच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर १५.८७५ मिलिमीटर असते. चेन खालून ताठ ओढून २१ पिना मोजल्या की त्यांच्यामधली २० अंतरे नव्या चेनमध्ये ३१७.५ मिलिमीटर भरतात. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३१९.४ ही मर्यादा दिलेली असते. म्हणजे दोन मिलिमीटरांहून कमी वाढ झाली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायची वेळ आली. हे माप एकाच जागी न घेता तीन-चार जागी घ्यावे, कारण चेन कधीच सगळीकडे सारखी झिजत नाही.

दूरवाट जोडीदार आणि सामान घेऊन जाणार आहेत, म्हणून एक सूचना. पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. रिकामी गाडी स्टँडवर असताना हाताला ‘छान ताठ’ वाटणारी चेन भरलेली गाडी खड्ड्यात दबली की इतकी ओढली जाते की गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंग आणि तिथले ऑइल सील त्याची किंमत चुकवतात. मॅन्युअलमध्ये ३० ते ४० मिलिमीटर ढील सांगितली असेल, तर चेनच्या सर्वांत ताठ जागी मोजून ती वरच्या आकड्याकडे ठेवावी.

शार्दूल_९०

यंत्रवेडी, डायनोचा मुद्दा मान्य. पण मग एक शंका येते. तुम्ही ताशी ९० ला सरळ चार टक्के धरले. ऱ्हास सगळ्या वेगांना त्याच टक्क्यात राहतो का? माझ्या ओळखीच्या एकाच्या शाफ्टच्या गाडीचे चाकाजवळचे हाउसिंग सावकाश चालवूनही बरेच गरम होते.

यंत्रवेडी

शंका योग्य आहे, आणि माझा हिशेब तिथे ढोबळ होता. दातांच्या घसरण्यातून होणारे नुकसान भारासोबत वाढते, पण तेल ढवळण्यात आणि सीलच्या ओठांच्या घर्षणात जाणारी शक्ती भार कमी झाला म्हणून फारशी घटत नाही. त्यामुळे हलक्या थ्रॉटलवर एकूण ऱ्हास वॉटमध्ये कमी असला, तरी टक्क्यात जास्त दिसतो. थंडीत तेल दाट असताना आणखी थोडा. म्हणून ३०० च्या जागी ४०० वॉट म्हणायलाही माझी हरकत नाही. पण मळलेली, कोरडी पडलेली चेनही ९७ टक्क्यांवर राहत नाही, हेही त्याच काट्यावर तोलावे. शाफ्टची स्थिती पहिल्या दिवशी जी असते ती बराच काळ टिकते, तर चेनची तिला गेल्या वेळी कधी पुसले यावर अवलंबून असते.

हाउसिंग गरम होणे स्वाभाविक आहे, कारण वाया गेलेली शक्ती तिथेच उष्णता होऊन बाहेर पडते. हात क्षणभर टेकवता येत असेल तर काळजी नाही. नेहमीच्याच प्रवासानंतर ते अचानक पूर्वीपेक्षा खूप जास्त तापू लागले, तर तेलाची पातळी आणि बेअरिंग पाहावे. तेल जास्त भरणेही चुकीचेच आहे. ढवळण्यातली उष्णता वाढते आणि दाबाने सील गळू लागते.

आडवळण

मी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून ‘शाफ्टला देखभाल नाही’ या वाक्याबद्दल एक प्रसंग सविस्तर सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची हे महत्त्वाचे नाही.

एक गाडी फक्त मागचा टायर बदलायला आली होती. तिसऱ्या मालकाकडची, दिसायला अतिशय नीट ठेवलेली. मालकाची तक्रार एवढीच की थ्रॉटल सोडून पुन्हा दिले की मागून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि एकाने त्याला तो गिअरबॉक्सचा म्हणून सांगितला होता. चाक काढले. या रचनेत चाकाच्या हबवर दातांची एक कडी असते आणि ती शेवटच्या गिअरच्या हाउसिंगमधल्या तशाच दातांच्या कडीत सरकून बसते. त्या दातांना आम्ही स्प्लाइन म्हणतो. चाक बाहेर येताच तांबूस-तपकिरी पूड खाली पडली. ग्रीसचा मागमूस नव्हता. नव्या स्प्लाइनचा दात माथ्यावर सपाट असतो. इथे ते सगळे करवतीच्या दातांसारखे टोकदार झाले होते आणि जाडी निम्म्यावर आली होती.

गिअरबॉक्समध्ये काहीही दोष नव्हता. कोरड्या दातांची सूक्ष्म हालचाल त्यांना आतून खात होती आणि ती तांबूस पूड म्हणजे त्याच लोखंडाचा गंज होता. असेच आणखी काही हजार किलोमीटर चालले असते, तर एखाद्या चढावर दात पूर्ण साफ होऊन इंजिन फिरले असते, शाफ्ट फिरला असता आणि चाक मात्र जागेवरच राहिले असते. हबवरची कडी आणि हाउसिंगमधली कडी अशा दोन्ही बदलाव्या लागल्या, कारण झिजलेल्या दातांवर नवे दात बसवले की नवेही लवकर जातात. भाग मागवून येईपर्यंत गाडी कित्येक आठवडे उभी होती.

हे टाळायला मागचे चाक निघेल तेव्हा जुने ग्रीस पुसून, मॅन्युअलमध्ये सांगितलेली मॉलिब्डेनमची पेस्ट पातळ लावणे एवढेच लागते. टायर बदलायला चाक निघतेच, तेव्हा हे दहा मिनिटांचे काम आहे. पण टायर बदलणारा ते आपणहून करणार नाही, त्याला सांगावे लागते.

सरळमार्गी

आडवळण, तुमच्या प्रसंगाने माझेच म्हणणे पक्के झाले. हीच दुर्लक्षित गाडी चेनची असती, तर ढिली पडलेली, गंजलेली चेन पहिल्या मालकालाच दिसली असती. झाकलेल्या यंत्रणेचा दोष हाच आहे की ती बिघडेपर्यंत नीटच दिसते.

आडवळण

दिसत नाही हे खरे, पण तपासता येते. तेल बदलताना ड्रेन बोल्टच्या टोकावरचा चुंबक पाहावा. त्यावर बोटांत चोळली तरी कण न लागणारा राखाडी लेप असेल, तर ती दातांची रोजची झीज समजावी. नखाला टोचणारी कपची किंवा पापुद्रा मिळाला, तर क्राउन-पिनियन किंवा बेअरिंग सुटू लागले आहे. तेल बहुधा जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० असते आणि ते पाव लिटरच्या आतबाहेरच लागते, पण काही गाड्यांत पातळी भोकाच्या काठापर्यंत आणायची असते आणि काहींत मोजून ठरावीक मिलिलिटर ओतायचे असते. ही दोन कामे एक समजून भागत नाही.

बेअरिंगसाठी गाडी सेंटर स्टँडवर घ्यावी, चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवावे. हाताला हलकासा ‘ठक’ जाणवला किंवा हाउसिंगच्या कडेला तेलाचा ओला डाग दिसला, तर लांबचा प्रवास पुढे ढकलावा. शाफ्टवरचे रबराचे आवरणही बोटाने दाबून पाहावे. ते चिरले की पाणी आत जाते आणि युनिव्हर्सल जॉइंटच्या सुईसारख्या बेअरिंगांना गंज धरतो.

कड्याकपारी

शाफ्टच्या चालवण्यातल्या वागणुकीबद्दल कोणी बोलले नाही. जुन्या शाफ्टच्या गाडीवर थ्रॉटल दिले की मागची बाजू वर उचलली जाते, कारण पिनियन क्राउनवर चढू पाहते आणि ती प्रतिक्रिया स्विंगआर्मला वर ढकलते. थ्रॉटल सोडले की गाडी खाली बसते. वळणाच्या मध्यावर घाबरून थ्रॉटल बंद केले तर जमिनीपासूनचे अंतर नको त्या क्षणी कमी होते. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसवर पॅरालिव्हर आणला, त्यात हाउसिंगला स्वतंत्र बिजागर आणि एक वेगळा दांडा देऊन ही प्रतिक्रिया चौकटीकडे वळवली. पुढे मोटो गुझी आणि कावासाकी यांनीही आपापल्या रचना आणल्या. नव्या गाडीत हा परिणाम फारसा उरत नाही, पण चाकाशी लटकणारे वजन मात्र चेनपेक्षा जास्तच असते आणि खडबडीत रस्त्यावर ते मला तरी जाणवते.

सौदामिनी_क

मला ते सवयीने जाणवेनासे झाले. जोडीदार मागे बसल्यावर तर अजिबात नाही.

मेघदूत

रानफूल, माझा बेल्ट स्कूटरचाच होता. फरक समजला. आता मूळ प्रश्नाचा तिसरा भाग विचारतो, वाटेत तुटले तर काय?

सरळमार्गी

चेन तुटली तर दोन-तीन सुटी कडी, क्लिपची मास्टर लिंक आणि पिन काढायचे छोटे अवजार एवढे जवळ असले की रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात गाडी चालू होते. क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला यावे, नाहीतर काही लागले की ती निघून जाते. हा तात्पुरता उपाय आहे. मोठ्या गाडीला पुढच्या गावी रिव्हेटची लिंकच बसवावी. पण तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचे आवरण फोडू शकते, आणि तसे झाले तर जवळची सुटी कडी काही कामाची नाहीत.

रानफूल

बेल्ट सलग असतो, म्हणून तो बदलायला बहुतेक गाड्यांत स्विंगआर्म सोडवावा लागतो. हार्लेच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत तर तो प्राथमिक चेनच्या आवरणामागे असतो, तेव्हा डावी बाजू बरीच उघडावी लागते. रस्त्यावर हे होत नाही. टोके जोडून बसवायचा आपत्कालीन बेल्ट मिळतो. सावकाश चालवत गॅरेजपर्यंत पोहोचणे एवढेच त्याचे काम. म्हणून बेल्ट तुटायची वाट न पाहता वेळेत बदलणे हाच शहाणपणा आहे. कड्याकपारींनी सांगितलेल्या एफ ८०० एस आणि एसटीला ४०,००० किलोमीटरची मुदत होती. तेव्हा पुलीही पाहावी. तिच्या दातांवरचा कठीण मुलामा नखाला लागेल असा उडाला असेल, तर नवा बेल्ट तिच्यावर लवकर झिजतो.

आडवळण

शाफ्टसाठी रस्त्यावर करण्यासारखे काही नाही. गाडी उचलून न्यावी लागते. उलट पंक्चरच्या वेळी शाफ्टची गाडी सोयीची पडते, विशेषतः एका बाजूच्या स्विंगआर्मची. बोल्ट काढले की चाक बाहेर, आणि परत बसवताना चेनचा ताण किंवा रेषा जुळवायची नसते. पंक्चर हा चेन तुटण्यापेक्षा कितीतरी वेळा घडणारा प्रसंग आहे.

दूरवाट

सर्वांचे मनापासून आभार. शक्तीचा प्रश्न माझ्यापुरता मिटला, कारण तीनशे-चारशे वॉटसाठी मी निर्णय बदलणार नाही. खडी असल्यामुळे बेल्ट मागे पडला. चेन आणि शाफ्ट यांत माझा कल शाफ्टकडे झुकला आहे, पण पाहिलेली शाफ्टची गाडी वापरलेली आहे, आणि आडवळण यांचा प्रसंग वाचून विचारावेसे वाटते: विकणारा चाक काढू देणार नसेल, तर स्प्लाइनची अवस्था बाहेरून कशी ओळखावी?

आडवळण

पूर्ण खात्री चाक काढल्याशिवाय होत नाही, पण अंदाज येतो. सेंटर स्टँडवर, इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. रिमवर खडूची खूण करून चाक हाताने पुढे-मागे फिरवा आणि खूण किती सरकते ते पाहा. थोडी ढील गिअरबॉक्सची आणि हबमधल्या रबरांची असतेच, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर तेच करून तुलना करा. रबराचा शेवट मऊ येतो. मोकळ्या फिरण्यानंतर लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा कोरडा आवाज आला आणि तो हबच्या बाजूने आला, तर स्प्लाइनवर संशय घ्यावा. त्याच वेळी तेलाचा बोल्ट उघडून चुंबक दाखवायला सांगा.

सरळमार्गी

आणि मागचा टायर नवा दिसला, तर तो बदलताना स्प्लाइनला काय लावले हे विचारा. नेमके उत्तर आले नाही, तर चाक काढून पाहण्याची अट घालूनच बोलणी करावी. माझे मत अजूनही चेनच्या बाजूने आहे, पण शाफ्ट घ्यायचाच असेल तर एवढे पाहून घ्या.